परदेशी नोकरीवर रुजू होण्यापूर्वीची कामे: कोणते काम किती आधी सुरू करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## आधी हिशोबाबद्दल

### कामांची यादी महत्त्वानुसार न लावता कालावधीनुसार का लावायची?

महत्त्वानुसार लावलेल्या यादीत व्हिसा सर्वांत वर असतो आणि मुलीच्या जन्मदाखल्यात चुकलेले आईचे नाव कुठेतरी तळाशी असते. प्रवासाची तारीख मात्र बहुधा तळाच्या या नोंदींमुळेच लांबते, कारण दाखला दुरुस्त झाल्याशिवाय तो प्रमाणित होत नाही, प्रमाणित झाल्याशिवाय त्याचे भाषांतर होत नाही आणि भाषांतराशिवाय व्हिसाचा अर्ज स्वीकारला जात नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते पूर्ण व्हायला किती दिवस लागतात, ते कोणत्या कामानंतरच सुरू होऊ शकते, आणि हाती आलेला कागद किती दिवस ग्राह्य राहतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या यादीत नसतेच. उत्साहाच्या भरात सर्व कागद पहिल्याच महिन्यात गोळा करणाऱ्यांना नंतर त्यातील दोन-तीन पुन्हा काढावे लागतात. काही कामांना उशीर चालत नाही, तर काहींना घाई चालत नाही. यादी लावताना या दोन्ही मर्यादा दिसायला हव्यात.

### हा हिशोब प्रत्यक्षात कसा मांडतात?

रुजू होण्याच्या तारखेपासून उलटे मोजत मागे यायचे. पुढील सर्व उत्तरांमध्ये एकच उदाहरण वापरले आहे, म्हणजे कामे एकमेकांत कशी अडकतात ते दिसेल. एका अभियंत्याला युरोपीय संघातील एका देशात नोकरीचे पत्र २० जानेवारीला मिळाले आणि १ सप्टेंबरला रुजू व्हायचे ठरले. सोबत पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि एक कुत्रा आहे. विमानप्रवास २४ ऑगस्टचा धरला आहे. पत्नीच्या पासपोर्टची मुदत पुढील फेब्रुवारीत संपते, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव पासपोर्टवरील नावाशी जुळत नाही.

हाताशी एकतीस आठवडे आहेत. ते पुरेसे वाटतात आणि पुरतातही, पण दोन कामे पहिल्या पंधरवड्यात हाती घेतली तरच.

## सहा महिने किंवा त्याहून अधिक लागणारी कामे

### सर्वांत आधी कोणते काम सुरू करावे?

परवान्याशिवाय करता येत नाही असा व्यवसाय असेल, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, शिक्षक वगैरे, तर त्या देशात आपल्या पात्रतेला मान्यता मिळवण्याचे काम सर्वांत आधी येते. ते सहा महिन्यांचे नसून वर्षाचे काम आहे असे समजूनच आखणी करावी. विद्यापीठाने गुणपत्रक थेट तिकडच्या संस्थेला पाठवणे, अभ्यासक्रमाचा तपशील देणे, भाषेची परीक्षा, आणि कधी पूरक प्रशिक्षण, असे त्याचे टप्पे असतात. त्यांतील विद्यापीठाचा टप्पा आपल्या हातात सर्वांत कमी असतो. मूळ नोंदणी संस्थेकडून मिळणारे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र मात्र लवकर काढू नये, कारण ते अनेक ठिकाणी तीन महिन्यांपुरतेच ग्राह्य धरतात.

असा व्यवसाय नसेल, तर पहिले काम म्हणजे घरातील प्रत्येकाचा प्रत्येक कागद समोर ठेवून त्यांवरील नावे आणि जन्मतारखा अक्षरशः जुळवून पाहणे. एका संध्याकाळचे काम आहे. पण त्यातून जे निघते ते निस्तरायला दोन-तीन महिने जाऊ शकतात.

### नावातील किरकोळ फरक खरोखरच अडतो का?

एकट्याने जाणाऱ्याचे पुष्कळदा निभावते. कुटुंबाच्या व्हिसासाठी मात्र नाते कागदावरून सिद्ध करावे लागते, आणि अर्ज तपासणारा अधिकारी आपल्या नावांच्या पद्धतीशी परिचित नसतो. आईचे नाव दाखल्यावर लघुरूपात आणि पासपोर्टवर पूर्ण असेल, तर त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगवेगळ्या स्त्रिया असू शकतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही वकिलाती स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. हे आधी लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर जपून ठेवावे.

आपल्या उदाहरणात दुरुस्तीचा अर्ज २७ जानेवारीला गेला आणि नवा दाखला ३० मार्चला आला. याला नऊ आठवडे लागतील असे सुरुवातीला कोणीच धरले नव्हते. हेच काम मे महिन्यात लक्षात आले असते, तर १ सप्टेंबर हातचा गेला असता.

### पासपोर्टची मुदत अजून वर्षभर आहे. नूतनीकरण लगेच करावे का?

होय, आणि इतर कोणताही अर्ज करण्यापूर्वी करावे. अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा असे म्हणतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण खरे कारण वेगळे आहे. दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा दिला जात नाही, त्यामुळे दोन वर्षांच्या परवान्याऐवजी काही महिन्यांचाच हाती पडतो. शिवाय पोलिसांचा चारित्र्य दाखला, व्हिसाचा अर्ज आणि अनेकदा नोकरीचा करारसुद्धा पासपोर्टचा क्रमांक लिहून तयार होतो. नूतनीकरणानंतर क्रमांक बदलतो आणि हे सर्व कागद जुन्या क्रमांकाचे ठरतात.

मुलांच्या पासपोर्टची मुदत बहुतेक देशांत प्रौढांपेक्षा कमी असते. तेव्हा तो स्वतंत्रपणे पाहावा.

### लसीकरणाला इतका वेळ लागतो का?

एखाद्याच लसीला लागतो. हिपॅटायटिस बी या लसीची नेहमीची मालिका तीन मात्रांची असते: पहिली मात्रा, एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. रुग्णालयात काम करणाऱ्यांकडून ही मालिका आणि नंतरची प्रतिपिंडांची चाचणी दोन्ही मागितली जातात. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीच्या दोन मात्रांत किमान अठ्ठावीस दिवसांचे अंतर लागते, आणि शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांकडे त्याची लेखी नोंद असावी लागते. नोंद हरवली असेल, तर ती शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा लस घेणे पुष्कळदा लवकर होते.

पीतज्वराची लस जिथे बंधनकारक आहे तिथे तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. ते जुलै २०१६ पासून आयुष्यभरासाठी वैध मानले जाते, त्यामुळे जुने असले तरी फेकू नये.

## चार ते सहा महिने लागणारी कामे

### कुत्रा किंवा मांजर सोबत न्यायचे असल्यास किती आधी तयारी करावी?

युरोपीय संघासाठी किमान पाच महिने आणि जपानसाठी किमान आठ महिने धरावेत. यात घाई कोणत्याही शुल्काने करता येत नाही, कारण उशीर कार्यालयाचा नसतो. रेबीजचा संसर्ग सुप्तावस्थेत असेल तर तो दिसून यावा, यासाठीच ही वाट पाहायला लावलेली असते.

रेबीजच्या दृष्टीने संघाच्या मान्य यादीत नसलेल्या देशातून येणाऱ्या प्राण्यासाठी क्रम असा आहे. प्रथम मायक्रोचिप बसवायची. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी पण चिपनंतर, रेबीजची लस द्यायची. लस दिल्यावर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक आले पाहिजे. नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्यावरच प्राणी आत येऊ शकतो.

चूक बहुधा पहिल्याच पायरीवर होते. कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असते, मालक निश्चिंत असतो, आणि चिप मात्र आता बसवली जाते. चिप नसताना दिलेली लस कोणत्या प्राण्याला दिली हे सिद्ध होत नाही, म्हणून ती धरली जात नाही. लस पुन्हा द्यावी लागते आणि तीस दिवस पुन्हा मोजावे लागतात.

उदाहरणातील कुटुंबाचा हिशोब करू. प्रवास २४ ऑगस्टला, म्हणजे नमुना उशिरात उशिरा २४ मेला आणि लस उशिरात उशिरा २४ एप्रिलला. ही कागदावरची शेवटची तारीख झाली. चाचणीत प्रमाण कमी आले तर पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस आणि पुन्हा तीन महिने लागतात. म्हणून त्यांनी १ फेब्रुवारीला चिप आणि लस उरकली, ५ मार्चला नमुना दिला, आणि ५ जूनला कुत्रा प्रवासास पात्र झाला. एक प्रयत्न फसला असता, तरी दुसऱ्यासाठी जागा होती.

पुढे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लसीची मुदत संपण्यापूर्वी बूस्टर द्यावाच लागतो, नाहीतर उत्तीर्ण झालेली रक्तचाचणीही बाद होते. आणि सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र संघात पोहोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांतच काढायचे असते. म्हणजे साखळीची सुरुवात लवकर, पण शेवटचा कागद मुद्दाम उशिरा. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तर तो व्यापारी वाहतुकीच्या नियमांत जातो. त्यामुळे ‘मी आधी जातो, कुत्रा महिन्याभराने येईल’ ही योजना वाटते तितकी सोपी नाही.

जपानला दोन लसी, मग नमुना आणि नमुन्यापासून १८० दिवस असा क्रम आहे. आगमनाची सूचनाही किमान चाळीस दिवस आधी द्यावी लागते.

### अपॉस्टिल म्हणजे काय आणि ते कोणत्या कागदांना लागते?

एका देशातील सार्वजनिक कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा, यासाठी त्यावर लावलेले ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र म्हणजे अपॉस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून ते आले. दोन्ही देश करारात असतील, तर एका अपॉस्टिलवर काम भागते. एखादा देश करारात नसेल, तर आपल्याकडील खात्यांची प्रमाणने होऊन शेवटी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो आणि त्याला पुष्कळ अधिक वेळ जातो. करारातील देशांची यादी बदलत असते. चीनमध्ये तो ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, म्हणून काही वर्षांपूर्वी गेलेल्या परिचिताचा अनुभव जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

साधारणपणे जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी आणि पोलिसांचा दाखला यांना ते लागते. अपॉस्टिल कागदावरील सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते, मजकूर खरा असल्याचे नव्हे. त्यामुळे चुकीचे नाव असलेल्या दाखल्यालाही ते सहज मिळते, आणि चूक थेट वकिलातीच्या खिडकीवर उघड होते.

### प्रमाणन आधी की भाषांतर आधी?

प्रमाणन आधी. अपॉस्टिल हा आता कागदाचाच भाग झालेला असतो आणि भाषांतरात त्याचाही मजकूर यावा लागतो. भाषांतरकारही कोणीही चालत नाही. बहुतेक ठिकाणी शपथबद्ध किंवा वकिलातीने मान्य केलेला लागतो, आणि काही देश तर फक्त आपल्या भूमीवर नोंदलेल्या भाषांतरकाराचेच काम स्वीकारतात. काही ठिकाणी भाषांतरालाही स्वतंत्र प्रमाणन लागते; तसे असल्यास आणखी दोन आठवडे धरावेत.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझी पदवी मी हौसेने लॅमिनेट करून ठेवली होती. प्रमाणनासाठी नेली तेव्हा प्लॅस्टिकवर शिक्का उमटत नाही, या साध्या कारणाने ती परत मिळाली. विद्यापीठाकडून दुसरी प्रत येईपर्यंत सात आठवडे गेले. लॅमिनेट केलेले कागद असतील, तर त्यांची दुसरी प्रत मागवण्याचे काम यादीत सहा महिन्यांच्या गटात टाकावे.

### पोलिसांचा चारित्र्य दाखला आत्ताच काढून ठेवला तर?

तर तो बहुधा पुन्हा काढावा लागेल. बऱ्याच वकिलाती तीन किंवा सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला घेत नाहीत, आणि दाखला बाद झाला की त्यावरील अपॉस्टिल आणि भाषांतराचा खर्चही बुडतो. क्षयरोगाच्या तपासणीचे असेच आहे: ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते.

वकिलातीच्या भेटीची तारीख हाती आली, की तिच्यापासून मागे मोजावे. उदाहरणात भेट १८ मेला होती. दाखला २० एप्रिलच्या सुमारास आला आणि तीन महिन्यांच्या मर्यादेत आरामात बसला. जानेवारीत काढला असता, तर भेटीच्या दिवशी तो बाद असता.

याला एक अपवाद आहे. गेल्या पाच-दहा वर्षांत आपण दुसऱ्या एखाद्या देशात सहा महिने किंवा वर्षभर राहिला असाल, तर त्या देशाचाही दाखला मागितला जाऊ शकतो. तिथे बोटांचे ठसे टपालाने पाठवावे लागतात आणि दोन-तीन महिने सहज जातात. तो अर्ज मात्र लवकर करावा.

## तीन महिने ते सहा आठवडे लागणारी कामे

### व्हिसाचा अर्ज या गटात कसा? त्याला जास्त वेळ लागत नाही का?

निर्णयाचा कालावधी आणि भेटीच्या प्रतीक्षेचा कालावधी हे दोन वेगळे आहेत. संकेतस्थळावर लिहिलेले ‘आठ आठवडे’ अर्ज खिडकीवर दिल्यापासून मोजले जातात. खिडकीपर्यंत पोहोचायलाच पाच आठवडे लागू शकतात. म्हणून कागद अर्धे तयार असतानाच भेट नोंदवावी. मात्र अपॉस्टिल आणि भाषांतराला लागणारे दिवस धरून तारीख निवडावी, कारण अपुऱ्या कागदांनिशी गेल्यास बहुधा पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते.

उदाहरणात १० एप्रिलला नोंदणी केली आणि १८ मेची भेट मिळाली. जन्मदाखल्याचे अपॉस्टिल २० एप्रिलला आणि भाषांतर ३० एप्रिलला हाती आले. निर्णय १३ जुलैला आला.

### सध्याच्या नोकरीचा राजीनामा केव्हा द्यावा?

व्हिसा पासपोर्टवर छापून आल्यावर. त्याआधी नव्हे, नवी कंपनी कितीही खात्री देत असली तरी. तिची खात्री नोकरीबद्दल असते; व्हिसा देणारी ती नव्हे.

मात्र यातून एक अडचण उभी राहते आणि ती नोकरीचे पत्र स्वीकारतानाच सोडवावी लागते. उदाहरणात अभियंत्याचा सूचना कालावधी एक महिन्याचा आहे. १४ जुलैला राजीनामा, १४ ऑगस्टला मुक्तता, २४ ऑगस्टला विमान: हातात दहा दिवस उरले. तोच कालावधी दोन महिन्यांचा असता, तर मुक्तता १४ सप्टेंबरला झाली असती आणि रुजू होण्याची तारीख चुकली असती, तेही व्हिसा वेळेवर मिळूनसुद्धा. म्हणून करारात ठाम तारखेऐवजी ‘व्हिसा मिळाल्यापासून इतक्या आठवड्यांत’ अशी शब्दरचना मागून घ्यावी. अशी मागणी नव्या कंपनीला अनपेक्षित नसते.

घर भाड्याचे असेल, तर मालकाला द्यायची सूचनाही राजीनाम्याच्याच आठवड्यात द्यावी. मुक्ततेच्या वेळी अनुभवाचे पत्र, वेतनाच्या पावत्या आणि कर कापल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. निघून गेल्यावर या कागदांसाठी पाठपुरावा करणे फार जिकिरीचे होते.

### घरसामान समुद्रमार्गे पाठवायचे असल्यास काय पाहावे?

दारापासून दारापर्यंत सहा ते बारा आठवडे धरावेत. संपूर्ण कंटेनर आपला असेल तर वेळ कमी लागतो. इतरांच्या सामानासोबत अर्धवट जागा घेतल्यास कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते आणि अंदाज सांगणे अवघड होते. सामान उचलण्याच्या सहा आठवडे आधी दोन-तीन वाहतूकदारांना घरी बोलावून घनफळ मोजून घ्यावे. दूरध्वनीवर दिलेला दर क्वचितच टिकतो.

वेळापत्रकाशी अधिक संबंध आहे तो सीमाशुल्काच्या सवलतीचा. युरोपीय संघात निवास बदलणाऱ्याला घरसामान शुल्काशिवाय आणता येते, पण काही अटींवर. तो किमान सलग बारा महिने संघाबाहेर राहिलेला असावा, टिकाऊ वस्तू त्याच्याकडे किमान सहा महिन्यांपासून वापरात असाव्यात, आणि नवा निवास सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत सामान आत यावे. आणलेल्या वस्तू पुढील बारा महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाहीत. याचा सरळ अर्थ असा, की निघण्याच्या आनंदात जुलैमध्ये घेतलेले नवे धुलाई यंत्र या सवलतीत बसत नाही. घ्यायचेच असेल, तर फेब्रुवारीत घ्यावे. आणि खरे तर न्यायचेच कशाला, तिथला विद्युतदाब आणि खटके जुळतील याची तरी कुठे खात्री असते?

सामानाची यादी खोक्याच्या क्रमांकासह करावी. ‘किरकोळ वस्तू’ असे लिहिलेले खोके हमखास उघडले जाते.

### नेहमीची औषधे सोबत नेता येतात का?

बहुतेक नेता येतात, पण आधी विचारावे. एका देशात साध्या चिठ्ठीवर मिळणारे औषध दुसऱ्या देशात नियंत्रित असते. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेण्यासही बंदी आहे. तीव्र वेदनाशामक, झोपेची आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी औषधे यांच्याबाबत त्या देशाच्या आरोग्य खात्याकडे परवानगीचा अर्ज किमान सहा आठवडे आधी करावा. औषध बंदीच्या यादीत निघाल्यास पर्यायी औषध सुरू करून ते मानवते का, हे पाहायलाही वेळ लागतो. तो निघण्यापूर्वीच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेलेला बरा.

चिठ्ठीवर व्यापारी नावासोबत औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि रोगाचे नाव लिहून घ्यावे. व्यापारी नाव तिकडच्या औषधविक्रेत्याला काहीच सांगत नाही.

## शेवटच्या महिन्यातील कामे

### मुखत्यारपत्र कोणाला आणि कशासाठी द्यावे?

मागे घर, कर्ज, खटला किंवा न विकलेले वाहन राहत असेल, तर विश्वासातील एका व्यक्तीला द्यावे, आणि सर्वाधिकार न देता कामे नेमकी लिहावीत. भाडेकरार करणे, ठरावीक बँकखात्याचे व्यवहार पाहणे, विशिष्ट मालमत्तेसंबंधी कार्यालयात हजर राहणे, अशी. हे काम निघण्यापूर्वी एका दिवसाचे आहे. निघाल्यानंतर त्यासाठी वकिलातीची भेट, साक्षीदार, टपाल आणि कधी पुन्हा नोंदणी असे सगळे मागे लागते. बँका पुष्कळदा स्वतःच्या नमुन्यातीलच पत्र मागतात, म्हणून बँकेत वेगळी चौकशी करावी.

### बँक आणि मोबाइलचे कोणते काम हमखास राहून जाते?

ओटीपीचे. जुना क्रमांक बंद पडला, की बँक, कर खाते, भविष्यनिधी आणि ईमेल या सर्वांची दारे एकदम बंद होतात. क्रमांक बदलून घ्यायला पुन्हा त्याच क्रमांकावर संदेश येतो, हे त्यातील दुष्टचक्र. निघण्यापूर्वी महिनाभर आधी कोणकोणत्या सेवा या क्रमांकाला जोडल्या आहेत त्याची यादी करावी. जिथे शक्य आहे तिथे संकेत तयार करणारे ॲप किंवा बँकेचे स्वतःचे ॲप जोडावे, आणि उरलेल्यांसाठी क्रमांक स्वस्तातल्या योजनेवर चालू ठेवावा. परदेशात संदेश मिळण्याची सोय सुरू आहे ना, हे कंपनीकडून इथेच तपासावे. ॲपमधील संकेतांच्या पर्यायी किल्ल्या कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण फोन हरवला तर ॲपही त्याच्याबरोबरच जाते.

निवासी दर्जा बदलल्यावर बँकखात्याचा प्रकार बदलावा लागतो का, हे बँकेला विचारावे. कराच्या बाबतीत ‘१८३ दिवस’ हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. पण अनेक देश घर, कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे आहेत हेही पाहतात. निघण्याच्या वर्षात दोन्हीकडे विवरणपत्र भरावे लागण्याची शक्यता असल्याने सल्लागाराची एक भेट याच महिन्यात घ्यावी.

### वाहन परवान्याचे काय?

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवाना देणाऱ्या देशातूनच मिळतो आणि मूळ परवान्यासोबतच चालतो. १९४९ च्या करारानुसार दिलेला एक वर्ष, तर १९६८ च्या करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षे वैध असतो; कोणता लागेल ते त्या देशावर अवलंबून आहे. रहिवासी झाल्यावर मात्र तो काही महिनेच उपयोगी पडतो. जर्मनीत ही मर्यादा साधारण सहा महिन्यांची आहे. नंतर परवाना बदलून घ्यावा किंवा परीक्षा द्यावी लागते. मूळ परवान्याची मुदत संपत आली असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करावे. विमा कंपनीकडून अपघातरहित वर्षांचे पत्रही घ्यावे. तिकडे विम्याचा हप्ता ठरताना ते कधी कधी उपयोगी पडते.

## शेवटच्या आठवड्यातील कामे

### शेवटच्या आठवड्यासाठी काय राखून ठेवावे?

जे आधी करताच येत नाही तेवढेच. कुत्र्याचे आरोग्य प्रमाणपत्र, वीज-पाण्याच्या मीटरची अंतिम नोंद, टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज, आणि राहिलेल्या औषधांची खरेदी. उदाहरणातील कुटुंबाचे सामान ५ ऑगस्टला गेले होते आणि ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोहोचणार होते. म्हणून त्यांनी तिकडे पहिल्या दोन महिन्यांसाठी सामानासह भाड्याचे घर घेतले आणि विमानाच्या सामानात मुलीच्या शाळेपुरते कपडे ठेवले.

### मूळ कागदपत्रे सामानासोबत पाठवावीत का?

मुळीच नाही, आणि विमानात सोपवायच्या बॅगेतही नाही. पदव्या, दाखले, अपॉस्टिल, लसींच्या नोंदी आणि नोकरीचा करार हातातील बॅगेत असावेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांनाही हातातील सामानातच परवानगी असते. कंटेनरच्या खोक्यात त्या सापडल्यास संपूर्ण सामान अडकू शकते. प्रत्येक कागदाची स्कॅन केलेली प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि त्यांपैकी एक अशी असावी जी उघडायला मोबाइलवरचा ओटीपी लागत नाही.